कशानं बुडेल?

आमच्या गणिताच्या बाईंचा फोन आला तेव्हा त्या बँकेच्या दारात उभ्या होत्या. "ठेव मोडायला आलेय. तू याच कामात आहेस, म्हणून एकदा विचारावं म्हटलं." निवृत्तीला पाच वर्षं झालेली, ग्रॅच्युइटी आणि भविष्य निर्वाह निधीचे 24 लाख रुपये साताऱ्यातल्या एकाच सहकारी बँकेत. मी म्हणालो, "बाई, आज काही मोडू नका. संध्याकाळी येतो."

भाच्यानं त्यांना डिमॅट खातं उघडून दिलं होतं आणि एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये घातलं होतं. तिथल्या 'सरां'च्या सांगण्यावरून बाईंनी एका छोट्या कंपनीचे हजार शेअर 50 रुपयांनी घेतले. सहा दिवस भाव रोज पाच टक्के चढला, 67 वर गेला. आता ग्रुपवर येत होतं, परदेशातून मोठी ऑर्डर मिळालीय, 150 नक्की.

बाईंच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही शेअर बाजाराचं संकेतस्थळ उघडलं. एवढी मोठी ऑर्डर मिळाली तर नोंदणीकृत कंपनीला ते बाजाराला कळवावं लागतं. तिथं तसं काहीच नव्हतं. तीन महिन्यांपूर्वी या शेअरचे दिवसाला जेमतेम काहीशे व्यवहार होत, आता लाखांत होत होते. त्याच तिमाहीत प्रवर्तकांचा हिस्सा मात्र घटला होता. म्हणजे घरचे विकत होते आणि बाहेरचे घेत होते. 'सरां'चा सेबी नोंदणी क्रमांक ग्रुपवर कुठंच नव्हता.

ही जुनी रीत आहे. आधी स्वस्तात शेअर गोळा करायचे, आपापसांत व्यवहार करून भाव चढवायचा, मग बातमी पसरवून लोकांच्या गळ्यात मारायचे. साधना ब्रॉडकास्ट या कंपनीबद्दल सेबीनं मार्च 2023 मध्ये अंतरिम आदेश काढला, त्यात हेच वर्णन आहे, फक्त व्हॉट्सअ‍ॅपच्या जागी यूट्यूब. काही महिन्यांत तिचे छोटे भागधारक सुमारे 2 हजारांवरून 55 हजारांवर गेले होते.

बाईंनी ठेव मोडली नाही, पण हजार शेअरही विकले नाहीत. आठवड्यानं लोअर सर्किट लागलं. म्हणजे त्या दिवशी भाव पाच टक्क्यांहून खाली जाऊ शकत नाही, विकणाऱ्यांची रांग लागते आणि घेणारा कुणी नसतो. बाईंची विक्रीची ऑर्डर रोज सकाळी टाकली जाई आणि संध्याकाळी तशीच रद्द होई. अकरा दिवसांनी 38 रुपयांना शेअर गेले, 12 हजारांचं नुकसान. 67 च्या भावानं 24 लाख घातले असते तर दहा लाखांहून अधिक गेले असते; तेही एवढे शेअर घेणारा भेटला असता तर.

बाईंचा पुढचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. "एकाच शेअरमध्ये घातले ही चूक झाली. ग्रुपनं सुचवलेल्या चारांमध्ये वाटले असते तर?" आम्ही उरलेल्या तिघांचे भाव पाहिले. तिन्ही त्याच आठवड्यात कोसळले होते. नावं चार, पण पैसा फिरवणारे हात तेच. विभागणी म्हणजे वेगवेगळ्या कारणांनी बुडू शकतील अशा गोष्टी निवडणं. नुसते आकडे वाढवून ती होत नाही.

बाईंनी लगेच वही काढली. रकाने आखले: कुठं, किती, आणि तिसरा, 'कशानं बुडेल?' पहिल्याच ओळीत त्यांची बँक आली. 24 लाखांतले ठेव विम्यात व्याजासह फक्त 5 लाख येतात, आणि एका बँकेच्या सगळ्या शाखा मिळून ही मर्यादा एकच. बाई बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिल्या. ज्याला त्या सुरक्षित समजत होत्या, तिथंही सगळं एकाच खुंटीला टांगलेलं होतं.

ठेवी मुदत संपेल तशा हलवल्या. 12 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत गेले; 8.2 टक्के दरानं तिमाहीला 24,600 रुपये हातात येतात. साडेचार-साडेचार लाख दोन वेगळ्या बँकांत, व्याजासह विम्याच्या मर्यादेत राहावेत म्हणून दरवर्षीचं व्याज काढून घ्यायचं. उरलेले 3 लाख निफ्टी 50 च्या इंडेक्स फंडात, महिन्याला साडेबारा हजार असे दोन वर्षांत.

"हे बुडणार नाही का?" त्यांनी फंडाच्या ओळीवर बोट ठेवलं. मी 2020 सांगितलं: जानेवारीतल्या उच्चांकावरून 23 मार्चपर्यंत निफ्टी सुमारे 38 टक्के घसरला होता. बाईंनी तिथंच गुणाकार केला, 3 लाखांतले 1 लाख 14 हजार. मग त्याच्याखाली बचत योजनेचं वर्षाचं व्याज लिहिलं, 98,400, आणि पेन्सिल कानामागं खोचली.

"सोळा हजारांचा फरक," त्या म्हणाल्या. "एवढा सोसेल मला."