सरकता सूर आणि खिडकीचं माप

समजा, संगणकावर एक सूर तयार केला. तो २०० हर्ट्झला सुरू होतो आणि दोन सेकंदांत एकसारखा चढत १००० हर्ट्झला पोहोचतो, एखाद्या लांबलचक मींडेसारखा. अशा सरकत्या सुराला ‘चर्प’ म्हणतात. स्पेक्ट्रोग्राममध्ये, म्हणजे आडवा काळ आणि उभी वारंवारता अशा चित्रात, तो तिरकी रेघ म्हणून दिसायला हवा. ती रेघ किती बारीक दिसेल, हे मात्र आपण निवडलेल्या खिडकीवर ठरतं.

स्पेक्ट्रोग्राम काढताना ध्वनीचे छोटे तुकडे घेऊन प्रत्येकातल्या वारंवारता मोजतात. त्या तुकड्याची लांबी म्हणजे खिडकी. ती १० मिलिसेकंदांची घेतली, तर ५०० हर्ट्झचा सूर तेवढ्या वेळात पाच कंपनं करतो आणि ६०० हर्ट्झचा सहा. फरक जेमतेम एका कंपनाचा. त्याहून जवळचे सूर वेगळे ओळखणं कठीण, म्हणून आपली रेघ साधारण १०० हर्ट्झ जाडीचा पट्टा होते. टाळी वाजली असती, तर ती कधी वाजली हे मात्र याच खिडकीत नेमकं कळलं असतं.

मग खिडकी अर्ध्या सेकंदाची करू. आता स्थिर सूर दोन हर्ट्झपर्यंत नेमका सापडेल. पण आपला सूर स्थिर कुठे आहे? तो सेकंदाला ४०० हर्ट्झ चढतो, म्हणजे या एका खिडकीतच २०० हर्ट्झ सरकतो. पट्टा आधीपेक्षाही जाड!

मधला मार्ग ५० मिलिसेकंदांचा. खिडकीच्या लांबीमुळे येणारी धूसरता २० हर्ट्झ, आणि तेवढ्या वेळात सूरही २० हर्ट्झच सरकतो. दोन्ही समान झाल्या की रेघ सर्वांत बारीक दिसते. खिडकी तेवढीच ठेवून एफएफटीचे बिंदू वाढवले, तर चित्र गुळगुळीत होतं, पण पट्टा बारीक होत नाही.

चित्रातला जाड पट्टा कशामुळे आला, हे तपासायची सोपी युक्ती आहे. खिडकी लांब करून पाहा. पट्टा बारीक झाला, तर आधीची खिडकी अपुरी होती. जाड झाला, तर सूर सरकतो आहे.

सुराचा वेगच बदलत असेल, तर एक माप पुरत नाही. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांनी टिपलेली गुरुत्वीय लहर सुमारे ०.२ सेकंदात ३५ वरून २५० हर्ट्झपर्यंत गेली, आणि तिची चढण शेवटी झपाट्याने वाढली. तिच्या प्रसिद्ध चित्रासाठी क्यू-ट्रान्सफॉर्म वापरलं होतं. त्यात वारंवारता वाढेल तशी खिडकी आखूड होत जाते. म्हणूनच सुरुवातीची संथ चढण आणि शेवटची उसळी एकाच चित्रात दिसते.