मॉनिटरवरचा न जाणारा डाग

दिवाळीच्या आवराआवरीत पंखे, ट्यूबलाइटी, खिडक्या सगळं पुसून होतं आणि त्याच ओघात फडकं कॉम्प्युटरच्या मॉनिटरवरही फिरतं. एका हातात काचा पुसायचा निळा स्प्रे, दुसऱ्या हातात जुन्या बनियनचा तुकडा नाहीतर वर्तमानपत्राचा बोळा. खिडकी याने लख्ख होते आणि त्या दिवशी मॉनिटरही लख्ख दिसतो. असं दोन-चार वेळा झालं की एखाद्या कोपऱ्यात तळहाताएवढा चकचकीत पट्टा दिसू लागतो. तो पुसून जात नाही. जितकं पुसावं तितका पसरतो, कारण तिथे वरून काही लागलेलं नसतं, तिथलं काहीतरी निघून गेलेलं असतं.

हे असं का होतं, हे कळायला मॉनिटरचा दर्शनी भाग कशाचा असतो ते पाहायला हवं. ऑफिसात आणि घरोघरी दिसणाऱ्या बहुतेक एलसीडी मॉनिटरांचा पुढचा भाग काचेचा वाटतो, पण बोट लागतं ते प्लास्टिकला. काच आत असते. तिच्यावर पोलरायझर नावाची प्लास्टिकची फिल्म चिकटवलेली असते आणि त्या फिल्मच्या सर्वांत वरच्या बाजूला केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाइतका किंवा त्याहूनही पातळ असा एक कडक थर असतो. या थरात सिलिकासारख्या पदार्थाचे अतिसूक्ष्म कण मिसळून त्याचा पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत केलेला असतो. मागच्या भिंतीवरच्या ट्यूबलाइटचा प्रकाश या खडबडीत भागावर पडला की चारी दिशांना विखुरतो. म्हणून मॅट स्क्रीनमध्ये ट्यूब सरळ रेषेसारखी दिसत नाही, नुसता धूसर उजेड दिसतो आणि डोळ्यांना त्रास होत नाही.

टाकी लावलेल्या पाट्यासारखाच हा प्रकार आहे. घासून घासून पाटा गुळगुळीत झाला की टाकीवाला बोलावून त्याला पुन्हा टाकी लावून घेता येते. मॉनिटरच्या बाबतीत ती सोय नाही. एकदा ते सूक्ष्म उंचवटे घासले गेले की तेवढा भाग कायमचा गुळगुळीत होतो आणि आरशासारखा चमकतो.

हा थर किती टणक असतो, याचा अंदाज मॉनिटरच्या माहितीपत्रकावरून येतो. तिथे बरेचदा ‘अँटी-ग्लेअर, ३ एच’ असं लिहिलेलं असतं. हे ३ एच म्हणजे पेन्सिलीचं माप. ठरावीक दाब देऊन ३ एच पेन्सिल फिरवली तरी ओरखडा उठत नाही, असा त्याचा अर्थ. ऐकायला हे भक्कम वाटतं, पण रस्त्यावरून घरात येणाऱ्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि क्वार्ट्झ साध्या काचेलाही ओरखडतो. मग ही प्लास्टिकची फिल्म त्याच्यापुढे कुठे टिकणार! म्हणजे मॅट स्क्रीनचं पहिलं नुकसान द्रवाने होत नाही. कोरड्या धुळीवरून फडकं दाबून फिरवलं की तिथूनच सुरुवात होते.

त्यामुळे कापडाचा विचार आधी. टिश्यू पेपर आणि वर्तमानपत्र लाकडाच्या लगद्याचे असतात. हाताला ते मऊ लागले तरी या थरावर खरखरीतच ठरतात, आणि टिश्यूचा भुगा त्या सूक्ष्म खड्ड्यांत अडकून बसतो. टॉवेल, ओढणीचं टोक, साडीचा पदर, शर्टाची बाही ही सगळी हाताशी असणारी कापडं आहेत, पण त्यांत आधीची धूळ असते, कुठे जर असते, कुठे बटण असतं. स्वयंपाकघरातल्या फडक्यात तेलाचा अंश राहतोच. वापरायचं ते मायक्रोफायबर, म्हणजे पॉलिएस्टर आणि नायलॉनच्या अतिबारीक धाग्यांचं कापड. हे धागे धूळ आणि तेलकटपणा नुसता पुढे ढकलत नाहीत, स्वतःत ओढून घेतात. पण ज्या मायक्रोफायबरने गाडी पुसली तेच स्क्रीनला लावलं तर उपयोग शून्य. स्क्रीनची दोन कापडं वेगळी ठेवावीत, साध्या साबणाने हाताने धुवावीत आणि कपड्यांना मऊपणा आणणारं कंडिशनर त्यांना लावू नये. त्या कंडिशनरचा मेणचट थर धाग्यांवर बसतो आणि पुढच्या वेळी तोच स्क्रीनवर उतरतो.

आता द्रव. काचा पुसायच्या अनेक स्प्रेंमध्ये अमोनिया किंवा सॉल्व्हंट असतात. खिडकीच्या काचेला त्यांनी काही होत नाही, पण प्लास्टिकचा थर त्यांच्या वारंवार वापराने कमकुवत होतो. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये सहसा ॲसिटोन असतं आणि ते तर प्लास्टिक थेट मऊ करतं. थिनर आणि पेट्रोलही त्याच माळेचे मणी. टूथपेस्टने ओरखडे जातात असं सांगणारे बरेच भेटतात, पण टूथपेस्टमध्ये घासणारी पूड असते, म्हणजे मॅट थरावर तिने उरलेसुरले उंचवटेही सपाट होतात. व्हिनेगर आम्ल आहे. नळाच्या तोटीवरचे क्षार काढायला ते उत्तम, पण स्क्रीनवर त्याचं काही काम नाही.

कोरोनाच्या काळात सॅनिटायझर सर्रास स्क्रीनवर फवारलं गेलं. त्याची अडचण नुसत्या अल्कोहोलची नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेल्या हँडरबमध्ये ८० टक्के इथेनॉल किंवा ७५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलबरोबर १.४५ टक्के ग्लिसरॉलही आहे. ते हाताची त्वचा कोरडी पडू नये म्हणून घातलेलं असतं. त्वचेसाठी ते चांगलं, पण अल्कोहोल उडून गेल्यावर हे ग्लिसरॉल स्क्रीनवर चिकट राहतं आणि धूळ धरून ठेवतं.

मग पुसायचं कशाने? पाण्याने, पण पाणी डिस्टिल्ड हवं. बोअरवेलच्या जड पाण्यातले क्षार सुकल्यावर पांढरे ठिपके होऊन बसतात आणि ते काढायला पुन्हा घासावं लागतं. गाडीच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर स्वस्तात मिळतं आणि एक बाटली वर्षभर पुरते.

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. २४ इंची मॅट मॉनिटर, शेजारीच देवघर. स्क्रीनवर उदबत्तीच्या धुराचा तेलकट थर, मधोमध शिंकेचे बारीक ठिपके आणि उजव्या कोपऱ्यात ‘इथे क्लिक कर’ म्हणून दाखवणाऱ्या बोटांचे ठसे. मॉनिटर बंद करून प्लग काढायचा आणि पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. गरम स्क्रीनवर पाणी लगेच उडतं आणि ओरघळ उठतात. शिवाय काळ्या स्क्रीनवर मळ स्पष्ट दिसतो. मग कॅमेऱ्याची लेन्स साफ करायच्या रबरी फुग्याने किंवा अगदी मऊ ब्रशने धूळ उडवायची. तोंडाने फुंकर मारू नये, थुंकीचे शिंतोडे उडतात.

पाणी स्क्रीनवर कधीच फवारायचं नाही. स्क्रीनवरचा थेंब ओघळून खालच्या पट्टीत शिरतो. पुष्कळ मॉनिटरांमध्ये त्याच भागात चित्राच्या रांगा चालवणाऱ्या चिप आणि त्यांच्या नाजूक पट्ट्या असतात. तिथे ओल गेली की स्क्रीनवर उभ्या रेषा येतात आणि मॉनिटर दुरुस्तीच्या पलीकडे जाऊ शकतो. म्हणून पाणी कापडावर घ्यायचं, तेही इतकंच की कापड तळहातावर दाबलं तर ओल लागावी पण थेंब सुटू नये. एका हाताने मॉनिटरला मागून आधार द्यायचा आणि वरून खाली, पट्ट्यापट्ट्याने, जेमतेम टेकवून पुसत यायचं. कापडाची घडी दर दोन पट्ट्यांनी बदलायची. चालू स्क्रीनवर बोट दाबल्यावर रंगांच्या लाटा उठतात, तेवढा दाब म्हणजे फार झाला. लगेच दुसऱ्या, कोरड्या कापडाने हलकेच ओल टिपून घ्यायची.

शिंकेचे ठिपके पहिल्या फेरीत जात नाहीत आणि इथेच माणूस अंगठ्याने जोर लावतो. त्याऐवजी ओलसर कापड त्या जागी अर्धा मिनिट नुसतं टेकवून ठेवावं. ठिपका भिजून मऊ होतो आणि विनाजोर निघतो. उदबत्तीचा तेलकटपणा पाण्याला दाद देत नसेल तर अर्ध्या लिटर डिस्टिल्ड पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब पुरतो, फक्त नंतर साध्या पाण्याच्या कापडाने साबण पुसून घ्यायला हवा. आयसोप्रोपिल अल्कोहोल काही कंपन्यांना चालतं, काहींना नाही. तिथे मॉनिटरबरोबर आलेलं पुस्तकच प्रमाण मानावं.

एवढं करूनही चकचकीत पट्टा राहिलाच, तर तो मळ की इजा? मॉनिटर बंद ठेवून ट्यूबलाइटचं प्रतिबिंब त्या भागावर येईल असं उभं राहावं. इतरत्र ट्यूब धूसर आणि तिथेच ती धारदार दिसत असेल तर दोन शक्यता आहेत. तेल साचून सूक्ष्म खड्डे भरले की असंच दिसतं आणि उंचवटे घासले गेले तरी असंच. साबणाच्या थेंबाने एक-दोनदा हलके पुसल्यावर पट्टा लहान झाला, त्याची कड बदलली, तर तो मळ होता. कड जशीच्या तशी राहिली तर थर गेला, आणि तिथे पुढे घासणं थांबवावं.

चकाकणाऱ्या, म्हणजे काचेच्या स्क्रीनचं गणित वेगळं. तिथे खडबडीतपणा नसतो. काचेवर प्रकाशाच्या तरंगलांबीहूनही पातळ असे थर बसवून परावर्तन कमी केलेलं असतं. हे थर किती नाजूक असू शकतात हे ॲपलच्या २०१२ नंतरच्या रेटिना मॅकबुकांनी दाखवलं. हजारो लोकांच्या स्क्रीनवर कडेने आणि मधोमध डागांसारखे ओबडधोबड नकाशे उमटले, कारण तिथला परावर्तनरोधी थर सुटून येत होता. लॅपटॉप मिटल्यावर कीबोर्डचा होणारा स्पर्श आणि चुकीच्या द्रवाने पुसणं, अशी दोन्ही कारणं तेव्हा चर्चेत होती. २०१५ साली कंपनीने ठरावीक मुदतीत अशा स्क्रीन मोफत बदलून द्यायला सुरुवात केली. काही वापरकर्त्यांनी उरलेला थर स्वतःच पुसून काढला. डाग गेले, पण स्क्रीन आरशासारखी झाली.

याच कंपनीच्या २०१९ च्या प्रो डिस्प्ले एक्सडीआर मॉनिटरचा एक प्रकार नॅनो-टेक्स्चरचा आहे. त्यात खडबडीतपणा काचेतच कोरलेला असतो. त्याच्याबरोबर खास कापड येतं आणि दुसरं कोणतंही कापड वापरू नये, अशी सूचना असते. आधी ते कोरडंच वापरायचं, हट्टी डागाला ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर करून. कापड मळलं तर भांड्यांच्या साबणाने हाताने धुऊन किमान २४ तास वाळवायचं.

साध्या मॅट मॉनिटरचा थर एकदा गेला की तो पुन्हा लावून मिळत नाही. अख्खं पॅनल बदलायचा खर्च बहुधा नव्या मॉनिटरच्या जवळपास जातो. त्यामुळे पट्टा छोटा असेल तर मॉनिटर किंचित तिरका करून ट्यूबचं प्रतिबिंब टाळावं, मोठा असेल तर स्क्रीनच्या मापाची मॅट फिल्म वरून लावून घ्यावी. ती फिल्म मात्र पुढे घासली गेली तर काढून बदलता येते.