वाटेतला माल कुणाच्या खात्यात?

लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानातून चिंचवडच्या शाखेला ४० साड्या निघाल्या. चलन फाडलं की पाठवणाऱ्याच्या साठ्यातून ४० कमी होतात. पण चिंचवडच्या साठ्यात त्या लगेच चढवायच्या नाहीत. तोवर त्या ‘वाटेतला माल’ या तिसऱ्या खात्यात राहतात. चिंचवडला गठ्ठा सोडून मोजल्यावर ३८ भरल्या, तर पोच ३८चीच द्यायची. चलन बघून ४० लिहून टाकण्याची घाई फार जण करतात, आणि मग वर्षअखेरच्या मोजणीत तूट चिंचवडच्या माथी येते. खरी पोच नोंदली की वाटेतल्या खात्यात २ उरतात. आता पाठवणाऱ्याने आपली कपाटं तपासायची. साड्या तिथेच सापडल्या तर त्या परत साठ्यात घ्यायच्या, नाहीतर मालकाच्या सहीने तूट लिहायची.