एका टोस्ट सँडविचचा हिशेब

गिरगाव-दादरच्या नाक्यावर काय, नायगाव-परळच्या आपल्या घरांत काय, टोस्ट सँडविच आता रोजचे झाले आहे. मुलांच्या डब्यात ते असते, पाळीवरून उशिरा आलेल्या माणसाच्या ताटातही असते. पण त्यातून पोटात नेमके काय गेले, हे विचारले तर आपण "दोन ब्रेड आणि थोडी भाजी" एवढेच सांगतो. घरी ज्यांना साखरेचा त्रास आहे किंवा वजन आटोक्यात ठेवायचे आहे, त्यांना एवढ्यावर भागत नाही. म्हणून घरच्या तव्यावरच्या एका सँडविचचा हिशेब आपण मांडू.

अन्नातून ऊर्जा मुख्यतः तीन गोष्टींतून मिळते: कर्बोदके, प्रथिने आणि चरबी म्हणजे फॅट. यांनाच मॅक्रो म्हणतात. एक ग्रॅम कर्बोदकातून किंवा प्रथिनातून सुमारे ४ कॅलरी मिळतात, एक ग्रॅम चरबीतून ९.

आधी ब्रेड घेऊ. घरी वजनकाटा नसला तरी भागाकार येतो. पाकिटावर ४०० ग्रॅम लिहिले असेल आणि कडेच्या स्लाइस धरून १६ भरल्या, तर एक स्लाइस सरासरी २५ ग्रॅमची. दोन मिळून ५० ग्रॅम. पाकिटामागे १०० ग्रॅमचे आकडे छापलेले असतात. समजा कर्बोदके ५०, प्रथिने ८ आणि चरबी २ आहे, तर आपण त्याचे निम्मे धरायचे: २५, ४ आणि १. मोठ्या सँडविच ब्रेडची स्लाइस जड असते, म्हणून प्रत्येक पाकिटाला भागाकार नव्याने करावा.

इथे एक चूक हमखास होते. काटा असलेले लोक भाजलेला टोस्ट तोलतात. भाजताना ब्रेडमधले पाणी उडते, वजन घटते, पण कर्बोदके तेवढीच राहतात. पाकिटावरचे आकडे न भाजलेल्या ब्रेडचे असतात. त्यामुळे टोस्ट तोलून हिशेब केला तर तो कमी येतो. ब्रेड भाजण्याआधीच मोजावा.

आता बटर. १०० ग्रॅमच्या पाकिटातल्या बटरमध्ये सुमारे ८० ग्रॅम चरबी असते. वडीवर सुरीने दहा सारख्या खुणा करा, प्रत्येक तुकडा १० ग्रॅमचा. एक तुकडा दोन्ही स्लाइसना आतून लागला, तर ८ ग्रॅम चरबी. दुसरा तुकडा दोन्ही बाजू भाजताना तव्यावर गेला, तर आणखी ८. तव्यावरचे बटर बहुतेक वेळा मोजायचे राहून जाते, कारण ते ताटात दिसत नाही, ब्रेडने शोषलेले असते. थोडे तव्यावर उरते, पण ते पुढच्या सँडविचला लागते. म्हणून चार सँडविच केली, तर आधी आणि नंतरच्या खुणा पाहून वापरलेल्या बटरला चारने भागावे.

सारणात अर्धा मध्यम उकडलेला बटाटा, म्हणजे सुमारे ५० ग्रॅम, धरू. त्यात कर्बोदके साधारण १० आणि प्रथिने १. टोमॅटो, काकडी, कांद्याच्या चकत्या आणि कोथिंबिरीची चटणी मिळून कर्बोदके २, प्रथिने अर्धा ग्रॅम. चटणीत खोबरे किंवा शेंगदाणे असतील तर चरबी वाढेल, ती वेगळी धरावी.

बेरीज अशी होते:

कर्बोदके: २५ + १० + २ = ३७ ग्रॅम
प्रथिने: ४ + १ + ०.५ = ५.५ ग्रॅम
चरबी: १ + ८ + ८ = १७ ग्रॅम

कॅलरी: १४८ + २२ + १५३, म्हणजे सुमारे ३२०. यातल्या १४४ एकट्या बटरच्या आहेत. दुसरीकडे, कर्बोदके ब्रेड आणि बटाट्यातून येतात. म्हणजे साखरेवर लक्ष ठेवणाऱ्याने बटर कमी केले तरी कर्बोदके ३७ च राहतील.

आता बदल करून पाहू. आतले बटर काढले, नुसती चटणी लावली, आणि बटाट्याऐवजी एक उकडलेले अंडे ठेवले. अंड्यात प्रथिने सुमारे ६ आणि चरबी ५. नवी बेरीज: कर्बोदके २७, प्रथिने १०.५, चरबी १४, कॅलरी सुमारे २७५. प्रथिने जवळपास दुप्पट झाली आणि कॅलरी घटल्या.

आकडा बरोबर आला का, हे तपासायचे असेल तर पाकिटावरच्या कर्बोदकांना ४ ने, प्रथिनांना ४ ने, चरबीला ९ ने गुणून बेरीज करा. ती छापलेल्या कॅलरीच्या जवळ यायला हवी. वरच्या ब्रेडचे २०० + ३२ + १८ = २५० होतात. फार फरक पडला, तर बहुधा आपण काही आकडे १०० ग्रॅमचे आणि काही एका स्लाइसचे वाचले आहेत.

बाहेरच्या सँडविचला मात्र हा हिशेब अंदाजाचाच. तिथे चिमट्याच्या टोस्टरला किती बटर लागले, हे सँडविचवाल्याच्या हातावर आहे. "बाहेरून बटर कमी लावा" एवढे सांगणे आपल्या हातात आहे. एक तुकडा वाचला, तर ८ ग्रॅम चरबी आणि ७२ कॅलरी वाचतात.