चार ओळींची विनंती

दुपारी दीड वाजता टीमच्या चॅनेलवर मेसेज पडतो : ‘कोणी रिव्ह्यू करेल का? अर्जंट आहे.’ खाली नुसती लिंक. वीसजण तो वाचतात, प्रत्येकाला वाटतं दुसरा कोणीतरी बघेल, आणि संध्याकाळपर्यंत लिंक तशीच पडून राहते.

प्रोग्रॅमरने लिहिलेला कोड मुख्य कोडमध्ये मिसळण्याआधी सहकाऱ्याने तो वाचायचा, याला कोड रिव्ह्यू म्हणतात. वाचणारा स्वतःचं काम थांबवून वाचतो. त्यामुळे किती वाचायचंय, कधीपर्यंत आणि कशासाठी, हे त्याला लिंक उघडण्याआधी कळायला हवं. समजा, हीच विनंती अशी आली :

‘पीआर 412 : बँकेचं उत्तर उशिरा आलं तर पैसे पुन्हा मागण्याची सोय. लिंक खाली. एकूण 130 ओळी, त्यातल्या 80 टेस्टच्या. उद्या दुपारी 4 पर्यंत हवं, 6 वाजता रिलीज आहे. ग्राहकाचे पैसे दोनदा कापले जातील का, एवढं नीट पाहा; नावं नंतर सुधारू.’

130 ओळी म्हणजे चहाआधी उरकणारं काम. गूगलच्या जाहीर मार्गदर्शिकेतही 100 ओळींचा बदल साधारण योग्य आणि 1000 ओळींचा बहुधा फार मोठा मानला आहे. तेवढा मोठा बदल असेल तर मुदत वाढवून भागत नाही, त्याचे तुकडेच करावे लागतात. हजार ओळी वाचताना डोळे नुसते सरकत जातात आणि शेवटी ‘छान आहे’ एवढंच लिहून माणूस मोकळा होतो. मुदतीसोबत कारण दिलं, की रिव्ह्यू करणाऱ्याला आपल्या दिवसात तो कुठे बसवायचा हे ठरवता येतं.

पण माझ्या मते सगळ्यात मोलाची शेवटची ओळ. ती नसती, तर वाचणारा नावांवर आणि मोकळ्या जागांवर चार शेरे मारून थांबला असता. ती असल्यामुळे तो थेट इथे येतो :

```python
for n in range(3):
    key = uuid4()
    if pay(amount, key):
        break
```

`key` म्हणजे त्या व्यवहाराचा क्रमांक. तोच क्रमांक पुन्हा आला, तर ही जुनीच मागणी आहे हे बँक ओळखते. इथे मात्र प्रत्येक फेरीत नवा क्रमांक तयार होतो. पहिल्या वेळी पैसे कापले गेले आणि उत्तर तेवढं वाटेत अडकलं, तर दुसरी मागणी बँकेला नवीच वाटते आणि ग्राहकाचे पैसे पुन्हा जातात. टेस्ट सगळ्या पास होत्या, कारण त्यांतली नकली बँक पहिल्याच वेळी उत्तर देते.

दुरुस्ती एका ओळीची : `key = uuid4()` ही ओळ `for` च्या वर न्यायची. आणि उशिरा उत्तर देणाऱ्या बँकेची एक टेस्ट जोडायची.

तुम्ही रिव्ह्यू मागाल तेव्हा तुमची स्वतःची शंका कुठे आहे, तेवढं नक्की लिहा.