‘साहित्यासह पूजा’ म्हणजे नेमके काय?

गणेशचतुर्थीला घरी पूजा सांगायला गुरुजी मिळावेत म्हणून आता मोबाइलवर आगाऊ नोंदणी होते. नोंदणीच्या मजकुरात बहुधा एकच ओळ ठळक असते: ‘साहित्यासह पूजा, १,५०१ रुपयांपासून’. या ओळीत तीन गोष्टी झाकलेल्या असतात. साहित्यात काय येते, गुरुजी किती वाजता येतात आणि ‘पासून’ या शब्दाचा शेवट कुठे होतो.

पूजा पार्थिव गणपतीची, म्हणजे मातीच्या मूर्तीची असते. आचमन, संकल्प, कलश-शंख-घंटा-दीपपूजन, मग प्राणप्रतिष्ठा, त्यानंतर षोडशोपचार, पत्रीपूजा, नैवेद्य, आरती आणि मंत्रपुष्प असा तिचा क्रम. मूर्ती मातीची असल्याने पंचामृत आणि पाणी तिच्यावर ओतत नाहीत. दूर्वेने किंवा फुलाने नुसते शिंपडतात. घाई न करता एवढे सगळे व्हायला पाऊण तास ते तास लागतो. अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तने हवी असतील तर आणखी तासभर धरावा लागतो, आणि तो नोंदणी करतानाच सांगावा लागतो. ऐन पूजेत ‘आवर्तनेही होऊन जाऊ द्या’ म्हटले, की पुढच्या घरची वेळ चुकलीच.

साहित्याचे सरळ दोन भाग पडतात. पहिला भाग टिकाऊ वस्तूंचा: हळद, कुंकू, गुलाल, बुक्का, अष्टगंध, शेंदूर, अक्षता, जानवे, कापसाची वस्त्रे, वाती, उदबत्ती, कापूर, सुपाऱ्या, खारीक, बदाम, हळकुंडे, गूळखोबरे. हा संच आठवडाभर आधीही घरी पोचवता येतो. इथे नुसत्या नावांपेक्षा संख्या लिहिलेली बरी. पाच विडे मांडायचे तर विड्याची पाने दहा लागतात, सुपाऱ्या पाच आणि सुटी नाणी पाच. ‘विड्याचे साहित्य’ एवढेच लिहिले तर संचात पाच पाने निघतात आणि घरातले कोणी तरी कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे धावते.

दुसरा भाग ताज्या वस्तूंचा: हार, जास्वंद, दूर्वा, पत्री, विड्याची पाने, केळी. सगळ्यात जास्त फसगत पत्रीत होते. परंपरेने एकवीस पत्री सांगितल्या आहेत. त्यांत माका, बेल, धोत्रा, शमी, आघाडा, डोरली, कण्हेर, रुई, डाळिंब, मरवा, पिंपळ, जाई, हादगा अशा ओळखीच्या वनस्पती आहेत. एरवी गणपतीला न वाहिली जाणारी तुळसही या दिवशी त्यांत असते. पण देवदारही त्याच यादीत आहे, आणि तो हिमालयातला. डोंबिवलीच्या बाजारात दहा-वीस रुपयांना मिळणाऱ्या जुडीत तो कुठून येणार? त्या जुडीत पुष्कळदा सातआठच ओळखता येण्यासारखी पाने असतात, बाकी रानातला हाताला लागेल तो पाला. जे पान मिळत नाही त्याच्या जागी अक्षता किंवा दूर्वा वाहण्याची रीत आहेच. म्हणून ‘एकवीस पत्री समाविष्ट’ यापेक्षा ‘मिळतील तेवढ्या पत्री, उरलेल्यांच्या जागी दूर्वा’ हे वाक्य खरे आणि पुरेसे आहे.

यजमानाने काय काढून ठेवायचे, हे मात्र मजकुरात हमखास राहून जाते. चौरंग, समई, निरांजन, ताम्हन, पळी-पंचपात्र, कलशासाठी तांब्या, घंटा, शंख, पंचामृताचे दूध, दही, तूप, मध, साखर आणि मोदकांचा नैवेद्य या गोष्टी घरच्याच असतात. ज्या घरी पहिल्यांदाच गणपती बसतो, तिथे पळी-पंचपात्र असेलच असे नाही. नसेल तर गुरुजी आणणार का, एवढा प्रश्न नोंदणीच्या वेळीच निघाला पाहिजे.

आता वेळ. दिनमानाचे पाच समान भाग केले की तिसरा भाग मध्याह्न. गणेशपूजनाला तो मुख्य काळ मानतात. २७ ऑगस्ट २०२५ च्या चतुर्थीला मुंबईत तो साधारण ११.२४ ते १.५५ असा होता. सगळ्यांनी हेच अडीच तास मागितले तर एका गुरुजींच्या दोनच पूजा होतील. म्हणून पहाटेपासून मध्याह्न संपेपर्यंत पूजा करण्याची सवलत पंचांगकर्ते देतात, आणि नोंदणीचे सगळे वेळापत्रक त्या सवलतीवर उभे असते.

एका गुरुजींचा दिवस मांडून पाहिला की अडचण कळते. पूजेला पन्नास मिनिटे आणि एका इमारतीतून दुसरीत जायला पंचवीस मिनिटे धरली, तर ५.३०, ६.४५, ८.००, ९.१५, १०.३०, ११.४५ आणि १.०० अशा सात वेळा बसतात. सातवी पूजा १.५० ला संपते. कागदावर सगळे नेमके. पण प्रत्येक घरी दहाच मिनिटे गेली, कुठे सोवळे नेसायचे राहिले, कुठे मोदक वाफेवरच आहेत, तर सातव्या घरी गुरुजी दोन वाजता पोचतात. मध्याह्न तेव्हा टळून गेलेला असतो. सहाच पूजा घेणारी सेवा थोडी महाग पडते, पण तिची वेळ खरी निघण्याची शक्यता जास्त. मजकुरात ‘८ ते ९’ असे लिहिले असेल, तर ती गुरुजी येण्याची वेळ की पूजा संपण्याची, हेही स्पष्ट हवे. ‘गुरुजी ८.०० ते ८.१५ च्या दरम्यान येतील, पूजा पन्नास मिनिटे’ असे लिहिले की वाद उरत नाही.

परदेशातल्या घरांसाठी व्हिडिओवरून पूजा सांगितली जाते, तेव्हा मध्याह्न तिथला धरायचा असतो. २०२५ ची चतुर्थी भारतीय वेळेनुसार २६ ऑगस्टच्या दुपारी १.५४ ला लागली आणि २७ ला ३.४४ ला संपली. न्यू जर्सीच्या घड्याळात ही तिथी २७ तारखेला सकाळी सव्वासहालाच संपत होती, म्हणून तिथली मध्याह्नव्यापी चतुर्थी २६ ऑगस्टची. वेळेच्या रकान्यात गावाचे नाव नसले, तर पूजा एक दिवस उशिरा होते.

दरांचे एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ हिशेब दाखवण्यापुरते. ‘१,५०१ पासून’ वाचून नोंदणी केली. पूजेच्या दिवशी कळले की साहित्याचा संच ६०० रुपयांचा वेगळा, सकाळी दहानंतरच्या वेळेला ३०० जास्त, रिक्षाभाडे १५० आणि दक्षिणा ‘यथाशक्ती’. हिशेब २,५५१ वर गेला आणि दक्षिणा अजून बाकीच. ‘यथाशक्ती’ हा शब्द ओळखीच्या उपाध्यायांच्या तोंडी शोभतो, कारण तिथे दोन्ही बाजूंना अंदाज असतो. अनोळखी नोंदणीत तोच शब्द यजमानाला पाकीट हातात घेऊन अवघडायला लावतो. हीच माहिती अशी लिहिता येते: ‘दक्षिणेसह पूजा १,८००. साहित्यसंच ६००, ताज्या फुलापत्रींसह. स्वतः आणल्यास वजा. पाच किलोमीटरपर्यंत प्रवासखर्च नाही. विसर्जनाची उत्तरपूजा यात नाही. हवी असल्यास ५०१. आगाऊ ५००, उरलेले पूजेनंतर.’ सात वाक्यांत काम होते.

पैसे परत करण्याचा नियमही दरांशेजारीच हवा. घरात सोयर किंवा सुतक आले तर पूजा थांबते, आणि चतुर्थी काही पुढच्या आठवड्यात ढकलता येत नाही. सुतक गुरुजींनाही येऊ शकते. तेव्हा बदली गुरुजी कोण पाठवणार आणि किती तास आधी कळवणार, हे लिहिलेले असावे. दीड दिवसाच्या गणपतीची उत्तरपूजा लगेच दुसऱ्या दिवशी असते, त्यामुळे तिची वेळ त्याच नोंदणीत ठरवून घ्यावी. त्या दुपारी गुरुजी मिळणे चतुर्थीच्या सकाळइतकेच कठीण असते.