मेलेला सर्व्हर चालतो, खोटारडा चालत नाही

तीन सर्व्हर आहेत आणि तिन्हींवर एकाच डेटाबेसची एकेक प्रत आहे. त्यांना अ, ब आणि क म्हणू. कोणती नोंद आधी आणि कोणती नंतर, हे ठरवण्यासाठी त्यांच्यातला एक नेता लागतो आणि तो बहुमताने निवडला जातो. तिघांत बहुमत म्हणजे दोन मते. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या दिएगो ओंगारो आणि जॉन औस्टरहाउट यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेली ‘राफ्ट’ ही पद्धत अशी चालते. आज अनेक कंपन्यांच्या आतल्या यंत्रणांतले डेटाबेस तिच्यावर उभे आहेत.

राफ्टमध्ये प्रत्येक निवडणुकीच्या फेरीला क्रमांक असतो आणि एका फेरीत एका सर्व्हरला एकच मत देता येते. समजा, सातव्या फेरीत अ आणि क दोघेही उभे राहिले. बने अला मत दिले. अचे स्वतःचे एक आणि बचे एक, अशी दोन मते झाली आणि अ नेता झाला. मत देण्याआधी बने ‘सातव्या फेरीत अला मत दिले’ ही नोंद आपल्या डिस्कवर लिहून ठेवायची असते. मतदाराच्या बोटाला लावलेल्या शाईचे काम ही नोंद करते. पुढच्याच क्षणी बची वीज गेली तरी काही बिघडत नाही. तो परत सुरू होईल तेव्हा आधी डिस्क वाचेल, आणि कने मत मागितले तर नाही म्हणेल.

पण डिस्कने ‘लिहिले’ म्हणून सांगितले आणि प्रत्यक्षात लिहिलेच नसेल तर? ब पुन्हा सुरू होतो तेव्हा त्याचे बोट कोरे असते. कची विनंती पुन्हा येते, आणि ब प्रामाणिकपणे, काहीही आठवत नसल्यामुळे, त्यालाही मत देऊन टाकतो. आता सातव्या फेरीचे दोन नेते आहेत. अ एका खात्यात पैसे जमा झाल्याचे लिहितो, त्याच जागी क दुसऱ्याच खात्यातून पैसे गेल्याचे लिहितो. एका फेरीतली एका क्रमांकाची नोंद सगळीकडे सारखीच असणार, असे राफ्टने गृहीत धरलेले असते. त्यामुळे हा फरक तिच्या नजरेत येतच नाही. कुठेही लाल दिवा लागत नाही. महिनाअखेरीस हिशेब जुळत नाही तेव्हा कुणीतरी डोके खाजवत बसते.

यंत्र बिघडण्याच्या दोन तऱ्हा या गोष्टीत आल्या. वीज जाऊन ब थांबला, तो क्रॅश दोष: यंत्र एक तर बरोबर उत्तर देते, नाही तर गप्प बसते. दोनदा मत देणारा ब हा बायझंटाइन दोष: यंत्र चालू आहे, बोलते आहे, पण चुकीचे बोलते आहे, आणि कदाचित एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरे सांगते आहे. त्यामागे हेतू असायलाच हवा असे नाही. बला कुणी फितवलेले नव्हते.

या दुसऱ्या दोषाचे गणित लेस्ली लॅम्पोर्ट, रॉबर्ट शोस्टक आणि मार्शल पीस या तिघांनी मांडले. कॅलिफोर्नियातल्या एसआरआय या संशोधन संस्थेत ते नासासाठी विमानाच्या संगणकावर काम करत होते. विमानातला एक बिघडलेला भाग दोन संगणकांना दोन वेगळे आकडे सांगू लागला तर काय करायचे, हा त्यांचा प्रश्न होता. शहराला वेढा घालून बसलेल्या आणि आपापसांत निरोप धाडणाऱ्या सेनापतींची कथा त्यांनी १९८२ च्या निबंधात त्यासाठी रचली. लॅम्पोर्टच्या मनात आधी अल्बेनियाचे सेनापती होते. अल्बेनियन माणसांना वाईट वाटेल असे एका सहकाऱ्याने सुचवले, म्हणून मग कुणीच तक्रार करायला उरलेले नाही असे बायझंटाइन साम्राज्य निवडले गेले.

त्यांचा निष्कर्ष असा: एक खोटारडा सहन करायचा तर तीन यंत्रे पुरत नाहीत, किमान चार लागतात. दोन खोटारडे असतील तर सात. का, ते बहुमताच्या हिशेबावरून कळते. तीन यंत्रांत कोणतीही दोन-दोनची बहुमते घेतली तर त्यांत किमान एक यंत्र सामाईक असते. पहिल्या बहुमताने काय ठरवले हे दुसऱ्याला सांगणारा साक्षीदार तोच. अ आणि क यांच्या दोन्ही बहुमतांत ब होता. साक्षीदार मेला तर काम थांबते, पण खोटे ठरत नाही. साक्षीदारच खोटा निघाला तर सगळेच कोसळते. चार यंत्रे ठेवून निर्णयाला तिघांची संमती लागेल असे केले, तर कोणत्याही दोन गटांत किमान दोन साक्षीदार सामाईक येतात. त्यातला एक खोटा असला तरी दुसरा खरा असतोच.

मग सगळ्या डेटाबेसनी चौथे यंत्र का घेऊ नये? एक उत्तर खर्चाचे आहे: यंत्रे जास्त, एकमेकांना पाठवायचे निरोप जास्त, शिवाय प्रत्येक निरोप खरोखर त्याच यंत्राचा आहे याची पडताळणी. पण एवढ्यावर थांबणे बरोबर नाही. एमआयटीच्या मिगेल कास्त्रो आणि बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९९९ मध्येच खोटारडे यंत्र सहन करणारी व्यवहार्य पद्धत दाखवली होती. तिच्यावर चालवलेली फाइलसेवा, एकाच यंत्रावर चालणाऱ्या नेहमीच्या फाइलसेवेपेक्षा त्यांच्या चाचण्यांत जेमतेम ३ टक्के हळू निघाली.

खरी अडचण त्या ‘चारांत एक’ या हिशेबातच आहे. चारांपैकी एकच बिघडेल, हे चौघे एकमेकांपासून स्वतंत्रपणे बिघडत असतील तरच खरे. एका कंपनीच्या आतल्या डेटाबेसमध्ये चारही यंत्रांवर एकच प्रोग्राम असतो, एकाच दिवशी चढवलेली एकच नवी आवृत्ती असते आणि चारही यंत्रांच्या किल्ल्या त्याच दोन-तीन माणसांकडे असतात. प्रोग्राममध्ये चूक असेल तर चौघेही एकाच वेळी, एकमताने, तेच चुकीचे उत्तर देतील. चोराच्या हाती किल्ल्या लागल्या तर त्याला चारही दारे उघडतील. म्हणजे ज्या दोन गोष्टींची सर्वात जास्त भीती, त्यांच्यापुढे चौथे यंत्र फारसे उपयोगी नाही. उलट जिथे यंत्रांचे मालकच वेगवेगळे आहेत आणि त्यांचा एकमेकांवर विश्वास नाही, तिथे बायझंटाइन दोष धरून चालण्याला पर्याय नसतो. बिटकॉइन हे त्याचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण.

म्हणून डेटाबेसवाल्यांनी वेगळा मार्ग धरला. यंत्र खोटे बोलण्याच्या बेतात आहे असा संशय आला की त्याला तिथेच मरू द्यायचे. मेलेल्या यंत्राची व्यवस्था बहुमताने केलेलीच आहे.

पोस्टग्रेसच्या इतिहासात याचा एक उत्तम धडा आहे. माहिती खरोखर डिस्कवर उतरव, असे लिनक्सला सांगणारी `fsync` नावाची आज्ञा आहे. ती फसली तर पोस्टग्रेस पुन्हा प्रयत्न करत असे, आणि दुसऱ्यांदा ती यशस्वी झाली की निर्धास्त होत असे. २०१८ मध्ये उघड झाले की पहिल्या अपयशानंतर लिनक्स ती न उतरलेली पाने ‘उतरली’ म्हणून मोकळी करू शकते. दुसऱ्यांदा लिहायला काही उरलेलेच नसते, म्हणून ‘यशस्वी’ असे उत्तर येते. फेब्रुवारी २०१९ च्या आवृत्त्यांपासून पोस्टग्रेसने वागणूक बदलली: `fsync` एकदा जरी फसली तरी सर्व्हर स्वतःहून कोसळतो आणि पुन्हा सुरू होताना आपल्या नोंदवहीवरून दुरुस्ती करतो. कोसळणारा डेटाबेस हीच इथे सुधारणा होती.

चेकसमचे कामही याच जातीचे. माहितीसोबत तिच्यावरून काढलेला एक छोटा आकडा ठेवायचा, वाचताना तो पुन्हा काढायचा, आणि जुळला नाही तर ती माहिती फेकून द्यायची. चुकीचे बोलणे अशा रीतीने गप्प बसण्यात बदलते.

हा पहारा एका जागी राहून गेला तर काय होते, ते ॲमेझॉनच्या एस-थ्री या साठवण सेवेत २० जुलै २००८ च्या रविवारी दिसले. पॅसिफिक वेळेनुसार सकाळी ८:४० ला चुका झपाट्याने वाढू लागल्या आणि दहा मिनिटांत जवळपास कुठलीच विनंती पुरी होईना. एस-थ्रीचे सर्व्हर एकमेकांची हालहवाल कानोकानी पसरवत असत: कोण चालू आहे, कोण बंद आहे. त्यातल्या मोजक्या निरोपांतला एकेक बिट उलटला होता. निरोप वाचता येत होते, पण त्यातली माहिती चुकीची होती. ती प्रत्येकाने खरी मानून पुढे सांगितली, आणि सगळे सर्व्हर कामधाम सोडून गप्पांतच गुंतले. ग्राहकांच्या फाइलींवर चेकसम होता. या आतल्या निरोपांवर नव्हता.

एखादा सर्व्हर बंद करून भागणारे नव्हते, कारण अफवा सगळ्यांच्या डोक्यात शिरली होती. १०:३२ ला अभियंत्यांनी ठरवले की सर्व्हरांचा आपापसातला संवाद पूर्ण तोडायचा, प्रत्येकाने ऐकलेले सगळे पुसायचे आणि मग सेवा पुन्हा उभी करायची. ११:०५ पर्यंत पुसून झाले. पुन्हा उभारणी मात्र दुपार उलटेपर्यंत चालली. एवढ्या मोठ्या सेवेला खाली आणायला ना चोर लागला, ना आग. नंतर त्या निरोपांवरही तपासणी बसवण्यात आली. चार यंत्रांच्या महागड्या पद्धतीची गरज तिथे नव्हती.

पण चेकसमलाही मर्यादा आहे. तो काढण्याआधीच उत्तर चुकले असेल तर तो चुकीच्या उत्तरावर इमानेइतबारे शिक्का मारतो. फेसबुकच्या अभियंत्यांनी २०२१ मध्ये अशीच एक केस लिहिली. त्यांच्या एका डेटाबेसमधून काही फाइली गायब होऊ लागल्या. शोध घेत ते एका सर्व्हरच्या प्रोसेसरमधल्या एकाच कोअरपर्यंत पोचले. १.१ चा ५३वा घात काढला तर पूर्णांकात १५६ यायला हवे, तिथे तो कोअर ० देत होता. ५२वा घात विचारला तर बरोबर १४२ सांगत होता. कॉम्प्रेस केलेली फाइल उलगडल्यावर केवढी होईल, हे अशा गणितावरून ठरत होते. आकार शून्य आला की फाइल रिकामी समजून ती लिहिलीच जात नसे. यंत्र बंद पडले नाही, कुठे चूक नोंदली गेली नाही. असे कोअर क्वचितच निघतात, पण लाखो प्रोसेसर चालवणाऱ्यांना ते भेटतातच. त्यांच्यावर आजचे उपाय म्हणजे प्रोसेसरच्या अधूनमधून चाचण्या घेणे आणि डेटाबेसच्या प्रती आपापसात ताडून पाहणे. कॉक्रोचडीबी हे ताडणे ठरावीक काळाने आपोआप करतो आणि प्रत जुळली नाही तर वेगळ्या पडलेल्या सर्व्हरला बंद पाडतो.

ज्यांच्या हाताखाली पोस्टग्रेस आहे त्यांनी त्याला एक प्रश्न विचारून पाहावा:

```
SHOW data_checksums;
```

चेकसमची सोय २०१३ पासून आहे. पण नवा डेटाबेस बनवताना ती मुद्दाम मागितली नाही तर बंदच राहत असे. आपोआप चालू राहण्याची व्यवस्था २०२५ मध्ये आलेल्या १८व्या आवृत्तीपासून झाली. उत्तर `off` आले तर सर्व्हर थांबवून `pg_checksums --enable` चालवावे. १२व्या आवृत्तीपासून हे करता येते.